स्ट्रेट अहेड, देन राइट: स्वारगेट ते बालगंधर्व

आमचा ग्रुप कोल्हापूरचा, हौशी नाटकवाल्यांचा, आणि पुण्यात बालगंधर्वला रविवारी दुपारचा प्रयोग मिळाला की सगळ्यांच्या अंगात येतं. माझं काम बॅकस्टेज. म्हणजे प्रॉपर्टीची यादी, जेवणाची पाकिटं, कोणाचा मेकअपचा डबा कुठं राहिला, आणि गाडी. यावेळी आयोजकांनी एक पीडीएफ पाठवलं, अगदी चकाचक, त्यात लोड-इन किती वाजता, लाइट्सची ट्रायल कधी, आणि शेवटी एक परिच्छेद गाडीसाठी. सगळं इंग्रजीत. आमचे ड्रायव्हर मामा मराठी झरझर वाचतात, इंग्रजीतलं फार तर पाटीवरचं नाव लावतात, त्यामुळे तो परिच्छेद मराठीत करून देणं माझ्याकडे आलं. चार ओळी होत्या. मला वाटलं चहा गार व्हायच्या आत होईल, अख्खी संध्याकाळ गेली.

त्या ओळी साधारण अशा होत्या. स्वारगेट जंक्शनवरून टेक टिळक रोड, गो स्ट्रेट अहेड टिल टिळक चौक. ॲट टिळक चौक गो स्ट्रेट अहेड ओव्हर संभाजी ब्रिज, देन टर्न राइट ॲट द सिग्नल ऑन्टू जेएम रोड. व्हेन्यू ऑन युअर राइट आफ्टर संभाजी पार्क. रिटर्न बाय द सेम रूट. संपलं. एकूण अंतर चार किलोमीटरच्या आतबाहेर. कोल्हापूर ते कात्रज सव्वादोनशे किलोमीटरची मामांना काही चिंता नसते, वर्षानुवर्षं तोच हायवे, अडचण असते ती शेवटच्या ह्या तुकड्याची.

पहिल्यांदा मी सरळ वाक्याला वाक्य लावून लिहिलं. "टिळक चौकात सरळ पुलावरून जा आणि नंतर सिग्नलला उजवीकडे वळा." व्याकरणाला काही दोष नाही, शाळेत दिलं असतं तर पैकीच्या पैकी. मामांना फोनवर वाचून दाखवलं तर त्यांनी लगेच विचारलं, "ताई, सिग्नल कुठला? पुलाच्या अल्याडचा का पल्याडचा?"

आता हा प्रश्न क्षुल्लक नाही. पुणं ज्यांना माहितीय त्यांना कळेल. टिळक चौक म्हणजे आपला अलका टॉकीजचा चौक. तिथं स्वतःचा सिग्नल आहे. टिळक रोडनं आलेल्या ड्रायव्हरला पूल नंतर दिसतो, सिग्नल आधी दिसतो, आणि डोक्यात जर "सिग्नल, उजवीकडे" एवढंच उरलं असेल तर तो तिथंच उजवीकडे बघणार. अलकाच्या चौकात उजव्या हाताला काय आहे? लक्ष्मी रोडचं तोंड. लक्ष्मी रोड वन-वे, आणि वाहतूक कॅम्पाच्या बाजूनं अलकाकडे येते. म्हणजे उजवीकडे घातली की समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. स्कूटर असेल तर उतरून ढकलत मागे घेता येते, बत्तीस सीटची बस, वर टपावर सेटचे फ्लॅट बांधलेले, ती त्या चौकात रिव्हर्स कशी घेणार.

इंग्रजी वाक्यात हा घोळ होत नाही असं नाही, तिथंही थोडा होतोच, पण लिहिणाऱ्यानं 'देन' वर भिस्त ठेवलेली असते. आधी पूल, देन सिग्नल. वाचणारा कागद हातात धरून वाचतोय, मागे जाऊन परत बघू शकतो. ड्रायव्हर ऐकतो. ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटचे दोन-तीन शब्दच ताजे राहतात आणि ते शब्द जर "सिग्नलला उजवीकडे" असतील तर पुढं जो पहिला सिग्नल येईल तोच त्याचा. म्हणून मी पूल आणि वळण यांच्यामधलं अंतरच काढून टाकलं. "लकडी पूल ओलांडायचा. पूल उतरला की लगेच जो सिग्नल लागतो, त्याला उजवीकडे. पुलाच्या आधीच्या सिग्नलला वळायचं नाही." शेवटचं वाक्य मूळ इंग्रजीत नव्हतंच. पण मला वाटतं रस्ता सांगताना काय करू नये हे एखाद्या ठिकाणी सांगावंच लागतं, सगळीकडे नाही, जिथं चुकलं तर परत फिरायला जागा नाही तिथं.

आणि तुमच्या लक्षात आलं असेल, मी संभाजी ब्रिजचा लकडी पूल केला. हे भाषांतरात बसतं का माहीत नाही पण गाडीत बसतं. पीडीएफमध्ये सगळी नावं अधिकृत होती. छत्रपती संभाजी पूल हे बरोबरच नाव आहे, टिळक चौकही बरोबरच. पण सकाळी साडेपाचला रस्त्यावर कोण असतं, पेपर टाकणारा पोरगा, दूधवाला, रिक्षावाला. त्याला मामा काच खाली करून "संभाजी पूल कुठं आला ओ" म्हणून विचारणार, आणि जेएम रोडवर पुढे संभाजी पार्क आहे, तो माणूस निम्म्या झोपेत पार्काचा रस्ता सांगून मोकळा होणार. लकडी पूल म्हटलं की एकच. त्यात आता लाकूड नाही ते सोडा. तसंच टिळक चौक, त्याच्या आधी टिळक स्मारक मंदिर, आणि ज्या रस्त्यानं आलो तो टिळक रोड, म्हणजे एका दमात तीन टिळक. मी अलका टॉकीज लिहिलं. स्वारगेट जंक्शन असं पुण्यात कोण म्हणतच नाही, नकाशावर जेधे चौक आणि तोंडात स्वारगेट. कागदावर मी दोन्ही नावं ठेवली, बोलायचं आधी आणि पाटीवरचं नंतर, कारण पाटी वाचून खात्री करायची असेल तर अधिकृत नावच कामाला येतं. हे महत्त्वाचं आहे, नुसतं बोलीतलं नाव दिलं तर ड्रायव्हर पाटीवर अलका शोधत बसेल.

मग आला 'स्ट्रेट अहेड'. ह्याला सरळ म्हणतात हे कोणालाही माहितीय, पण "सरळ" म्हटल्यावर मामांचा दुसरा प्रश्न ठरलेला, "सरळ म्हंजे कुठवर?" इंग्रजी सूचनेत स्ट्रेट अहेड म्हणजे रस्ता सोडू नका, रस्ता थोडा वळला तरी त्याच्याबरोबर वळा. ड्रायव्हरच्या सरळमध्ये नाक समोर असतं. जिथं चौकोनी चार रस्ते आहेत तिथं दोन्हीचा अर्थ एकच निघतो. अलकाला टिळक रोड, शास्त्री रोड, लक्ष्मी रोड, कुमठेकर रोड, केळकर रोड, पूल, सगळेच येऊन एका ठिकाणी मिळतात आणि तेही तिरके तिरके. तिथं सरळ नावाची दिशाच नाही. तिथं एकच सांगता येतं की ह्यातल्या पुलावर जाणाऱ्या रस्त्याला लागा. आणि पूल कसा ओळखायचा? अंधारात नदी दिसत नाही. पण पुलावर आता मेट्रोचा मार्ग वरून आडवा जातो. ही खूण मस्त आहे, लांबून दिसते, पहाटे दिव्यात तर दिसतेच. "समोर वरून मेट्रो आडवी जाताना दिसेल, तिच्याकडे जायचं." एवढं लिहिल्यावर ते सरळ, डावं, अर्धं डावं सगळं वादच मिटले.

स्वारगेटलाही हेच. सातारा रोडनं येऊन खरंच नाक समोर ठेवून गेलं तर शिवाजी रोड लागतो, तोही वन-वे, शनिवारवाड्याकडून दगडूशेठ-मंडईवरून स्वारगेटकडे येणारा, म्हणजे इथंही समोरून येणाऱ्यांच्या अंगावर. म्हणून मी चुकीची खूणही लिहिली: "मंडई, दगडूशेठ अशा पाट्या दिसायला लागल्या तर रस्ता चुकलाय. हिराबाग, एसपी कॉलेज दिसलं तर बरोबर आहे." उड्डाणपुलाबद्दल इंग्रजीत एक अक्षर नव्हतं. स्वारगेटला उड्डाणपूल आहे आणि ड्रायव्हरला पूल दिसला की पहिला निर्णय वर का खाली हाच घ्यायचा असतो, तोही शंभर-दोनशे मीटर आधी, कारण एकदा चढलं की चढलं. नकाशावर वरचा आणि खालचा रस्ता एकमेकांवर छापलेला असतो त्यामुळे लिहिणाऱ्याला तो प्रश्न पडतच नाही. मी लिहिलं, पुलावर चढायचं नाही, खालून चौकात यायचं आणि चौकातून टिळक रोड धरायचा.

ह्या सगळ्याची खात्री करायला मी पुण्यातल्या मामेभावाला फोन केला. तो पंधरा वर्षं तिथं राहतोय, सदाशिव पेठेत क्लास चालवतो. त्यानं दोन मिनिटांत फडाफडा सांगितलं, आणि मध्येच म्हणाला झेड ब्रिजवरून टाक ना सरळ. झेड ब्रिज टू-व्हीलरचा. त्याच्या डोक्यातलं पुणं सगळं स्कूटरचं आहे, त्यात बिचाऱ्याचा काय दोष, पण तेव्हापासून मी कोणालाही रस्ता विचारताना आधी गाडी सांगते मग ठिकाण. बस आहे, लांब आहे, टपावर सामान आहे. मग माणूस थांबून विचार करतो आणि म्हणतो थांब हां, मग वेगळं सांगतो. तेवढ्यात त्यानं एक कामाची गोष्ट सांगितली, सातारा रोडवर मधली लेन बीआरटीची आहे, मोकळी दिसते म्हणून पहाटे बाहेरगावच्या गाड्या आत घुसतात आणि पुढे बाहेर पडायला जागा मिळत नाही. ते पण लिहिलं.

अंतरं मी जवळजवळ सगळी काढून टाकली. आफ्टर एट हंड्रेड मीटर्स हे फोनच्या मॅपला कळतं, माणसाला कळत नाही. मामांना विचारलं तर म्हणाले, "मीटरबिटर सांगू नगा, काय दिसतंय ते सांगा." सिग्नल मोजून सांगणंही टाळलं. थर्ड सिग्नल असं लिहिणारा माणूस दिवसा गाडी चालवतो. पहाटे बरेच सिग्नल बंद असतात नाहीतर पिवळा दिवा लुकलुकत असतो, ड्रायव्हर तिथं थांबत नाही आणि ज्याला थांबला नाही तो त्याच्या मोजणीत येतच नाही. मध्ये एखादा पायी चालणाऱ्यांसाठीचा सिग्नल असला तर तो धरायचा की नाही हे प्रत्येकाचं वेगळं. त्यापेक्षा चौकाचं नाव.

"पुढचा सिग्नल" हा तर वेगळाच ताप. समोर एक सिग्नल दिसतोय, गाडी त्याच्यापासून पन्नास मीटरवर आहे, आणि तुम्ही म्हणालात पुढच्या सिग्नलला राइट. हा की ह्याच्या पुढचा? घरात विचारून बघा, निम्मे एक सांगतील निम्मे दुसरा. आमच्याकडे ह्याच्यावर उपाय आहे आणि तो मामांनीच शिकवला, "हा सोडायचा, त्याच्या पुढचा" असं म्हणायचं. किंवा "ह्याच सिग्नलला". नुसतं पुढचा म्हणायचंच नाही.

डावं-उजवं हा शेवटचा मुद्दा, तो वाटतो तितका बावळटपणाचा नाही. मी डावं-उजवं म्हणताना हात करते आणि हात चुकीचा करते असं नाही, पण मागच्या सीटवर उलटं तोंड करून कोणाशी बोलत असले की तोंडातून काय निघेल सांगता येत नाही, आणि ग्रुपमधली निम्मी मंडळी तशीच. बसच्या माणसांत ह्याला जुना तोडगा आहे. उजवीकडे म्हणजे ड्रायव्हर साईड, डावीकडे म्हणजे क्लीनर साईड. स्टेअरिंग कुठल्या बाजूला आहे ते कधीच विसरत नाही, बघितलं की दिसतं. मामा आणि त्यांचा क्लीनर पोरगा हेच वापरतात, मागे घेताना पण "क्लीनर साईडला जागा हाय, येऊ द्या, येऊ द्या". म्हणून माझ्या कागदावर प्रत्येक वळणाला दोन्ही लिहिलं. उजवीकडे, ड्रायव्हर साईड. कागद थोडा लांब झाला पण चालतंय.

तर शेवटी तयार झालं ते असं. मामांच्या व्हॉट्सॲपला टाकलं, आणि तेच वाचून व्हॉइस मेसेजही टाकला, कारण गाडी चालवताना वाचायचं नाही हे उघड आहे आणि ते हायवेला चहाला थांबले की दोनदा ऐकतात.

"कात्रजवरून सातारा रोडनं सरळ स्वारगेट. मधल्या बीआरटीच्या लेनमध्ये जायचं नाही. स्वारगेटला पुलावर चढायचं नाही, खालून जेधे चौक. चौकातून टिळक रोड. हिराबाग, एसपी कॉलेज, टिळक स्मारक, ही तिन्ही लागली पाहिजेत. मंडई दिसली तर चुकलं. मग अलका टॉकीज चौक, पाटीवर टिळक चौक. इथं उजवीकडे वळायचं नाही. समोर वरून मेट्रो जाते तिकडं, लकडी पुलावर. पूल उतरला की लगेचचा सिग्नल, डेक्कनचा, खंडुजीबाबा चौक. तिथं उजवीकडे, ड्रायव्हर साईड. हा जेएम रोड, वन-वे आहे, समोरून कोणी येणार नाही. वळलं की ड्रायव्हर साईडची लेन धरून ठेवायची. संभाजी पार्क ड्रायव्हर साईडला, ते गेलं की बालगंधर्व, त्याच बाजूला. जंगली महाराजांचं मंदिर क्लीनर साईडला दिसलं तर आपण पुढं आलोय."

लेनचं वाक्य बघा. इंग्रजीत व्हेन्यू ऑन युअर राइट एवढंच. डिव्हायडरवाला रस्ता असता तर उजवीकडचं ठिकाण म्हणजे पुढे जाऊन यू-टर्न. जेएम रोड वन-वे असल्यामुळे उजव्या लेनमधूनच आत शिरता येतं, पण त्यासाठी लेन आधीच धरलेली हवी, आणि मोठी गाडी डावीकडून एकदम उजवीकडे येऊ शकत नाही, पहाटे सुद्धा. आणि चुकलं तर वन-वेवर मागे यायचं नाही, सगळा वळसा. म्हणून तो मंदिराचा इशारा.

प्रत्यक्षात काय झालं ते सांगते. रात्री बाराच्या पुढे कोल्हापूर सोडलं, खंबाटकीचा बोगदा कधी गेला मला माहीत नाही, झोपले होते. कात्रजला क्लीनर पोरानं उठवलं आणि मी पुढे केबिनमध्ये जाऊन बसले. फोनवर मॅप चालू होता, इंग्रजी आवाजात, कारण फोन आमच्या लाइटवाल्याचा आणि त्यानं सेटिंग कधी बदललेलंच नाही. म्हणजे आता एका बाजूनं बाई इंग्रजीत बोलतेय आणि मी मराठीत. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली ती आधी कागदावर कळली नव्हती. गाडी ताशी तीसनं चाललेली असते तेव्हा सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. मॅपची बाई दोनशे मीटर आधी बोलायला लागते, म्हणजे हातात चोवीस-पंचवीस सेकंद. तिचं वाक्य संपायला चार-पाच सेकंद, मी समजून मराठी वाक्य जुळवायला अजून चार-पाच, मामांनी ऐकून हां म्हणायला दोन. उरले बारा-तेरा सेकंद, शंभर मीटर. तेवढ्यात आरसा बघायचा, इंडिकेटर द्यायचा, लेन बदलायची. स्कूटरला पुष्कळ झालं. बसला कमी पडतं.

त्यावर तोडगा म्हणजे मी मॅपच्या बाईची वाट बघायचीच बंद केली. एक वळण झालं की लगेच पुढचं सांगायचं, मोकळ्या रस्त्यावर, निवांत. "आता टिळक रोडच आहे मामा, पुढं अलकापर्यंत काही नाही." आणि चौक जवळ आला की फक्त तीन शब्द. ठिकाण, बाजू, कधी. "मेट्रोकडं. पुलावर. ह्याच सिग्नलला." मराठीत क्रियापद शेवटी येतं हे इथं उपयोगाला येतं, कारण ठिकाण पहिल्यांदा कानावर पडतं आणि मामांची नजर आधी तिकडं जाते, वळायचं की नाही ते नंतर येतं. टर्न राइट आधी ऐकलं की हात आधी हलतो आणि डोळे मागून शोधतात. हे मी लाइटवाल्याला सांगितलं तर म्हणाला काय पीएचडी करतीयेस का.

अलकाला पिवळा दिवा लुकलुकत होता. मामांनी गाडी हळू केली आणि विचारलं, "हितं?" मी म्हटलं हा सोडायचा, पुलापल्याडचा. ते म्हणाले, "हां, मेट्रो दिसली." बस पुलावर चढली. मामांची एक सवय चांगली आहे, सांगितलेलं ते परत म्हणून दाखवतात. "पूल उतरला की डायवर साईड." मी हो म्हणायचं. ज्या ड्रायव्हरला ही सवय नसते त्याच्याकडून मी मुद्दाम म्हणवून घेते आता, कारण नुसतं हां हां म्हणणारा माणूस ऐकतोय की नाही कळत नाही, विशेषतः पहाटे पाचला. डेक्कनचा सिग्नल मात्र चालू होता, लाल. थांबलो, हिरवा झाला, उजवीकडे. उजव्या हाताला संभाजी पार्कची झाडं, मग बालगंधर्व. मॅपची बाई पार्कापाशी आल्यावर यू हॅव अराइव्ह्ड म्हणाली, थिएटर अजून पुढे होतं, मामांनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

राहिली परतीची गोष्ट. सेम रूट. प्रयोग छान झाला, सेट उतरवून टपावर चढवेपर्यंत संध्याकाळचे सात, आणि रविवारची संध्याकाळ म्हणजे जेएम रोडला पाय ठेवायला जागा नाही. आयोजकांच्या कागदावरची ती ओळ मी आधीच बाजूला ठेवली होती. ज्या रस्त्यानं आलो त्यानं परत जायचं तर जेएम रोडवर उलटं जावं लागेल. जेएम आणि एफसी ही जोडी आहे, एक शिवाजीनगरकडे जातो आणि दुसरा तिकडून डेक्कनकडे येतो. म्हणजे निघताना डेक्कनकडे तोंडच करायचं नाही, उलट अजून पुढं, घरापासून लांब जायचं, वळसा घालून एफसी रोडला लागायचं आणि मग खाली गुडलकला उतरायचं. हे ड्रायव्हरला आधी सांगितलं नाही तर त्याचा विश्वास उडतो. स्वारगेट मागे आहे हे त्याला माहितीय आणि तुम्ही पुढे जा म्हणताय. म्हणून व्हॉइस मेसेजची सुरुवातच अशी केली: "मामा, परत जायचा रस्ता वेगळा आहे. आधी उलटं वाटेल, तसंच जायचं."

मग पुढचं: बालगंधर्वमधून निघून जेएम रोडनंच पुढं. वळसा घालून एफसी रोड, हा पण वन-वे, आपल्या दिशेनं. फर्ग्युसन कॉलेज क्लीनर साईडला नाही, ड्रायव्हर साईडला लागेल. गुडलक चौक. तिथून डेक्कन, लकडी पूल, अलका. अलकाला आता पुलावरून येतोय म्हणून समोरचं सगळं वेगळं दिसेल, लक्ष्मी रोडच्या गाड्या आपल्याकडे येत असतील, तिकडं बघायचं नाही, टिळक रोड. मग एसपी कॉलेज, हिराबाग, स्वारगेट. येताना लागलेल्या खुणा उलट्या क्रमानं, आणि ज्या बाजूला होत्या त्याच्या विरुद्ध बाजूला. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं, येताना डाव्या हाताला लक्षात ठेवलेलं दुकान जाताना डावीकडेच शोधत बसणारी माणसं मी पाहिलीत.

हे मामांनी थिएटरच्या अंगणात उभं राहून दोनदा ऐकलं, फोन कानाला लावून. मग विचारलं, "वळसा कुठनं घ्यायचा ते न्हाई सांगितलं." ते मी खरंच सांगितलं नव्हतं, मुद्दामच, कारण मेट्रोच्या कामापासून तिकडची वळणं इतक्यांदा बदललीत की मामेभावाचंही उत्तर दर फोनला वेगळं येत होतं. थिएटरच्या गेटवरच्या वॉचमनला विचारलं. त्यानं आधी बस बघितली, वर बांधलेले फ्लॅट बघितले आणि मग कुठली गल्ली बसला चालेल, कुठली नाही ते हात करून दाखवलं. ते मामांना माझ्यामार्फत सांगायची गरजच पडली नाही, ते शेजारीच उभे होते.

"आलं ध्येनात," मामा म्हणाले. "तुमी स्वारगेटपातूर जागं ऱ्हावा, कात्रजच्या पुढं माझं मी बघतो."